थकबाकीची नोटीस: आधी प्रत्येक फ्लॅटचा आकडा, मग मजकूर

"आमची राजारामपुरीत 24 फ्लॅटची सोसायटी आहे. जुलैपासून मी खजिनदार आहे. नऊ जणांचा मेंटेनन्स थकलाय. मागच्या खजिनदारांनी बोर्डावर नावं आणि रकमा लावल्या होत्या, त्यावरून भांडणं झाली आणि पैसे काही आले नाहीत. नोटीस कशी लिहावी आणि पैसे कसे भरायचे ते त्यात कसं सांगावं?"

नोटिशीच्या भाषेची काळजी नंतर करा. कोल्हापुरातल्या सोसायट्यांचे हिशोब मी गेली एकोणीस वर्षं लिहितोय आणि तपासतोय. मेंटेनन्स थकवणाऱ्यांपैकी खरोखर पैसे नाहीत म्हणून थांबलेले मला फार थोडे भेटले. बहुतेकांचा आकड्यावर विश्वास नसतो. "एवढे कसे झाले?" या प्रश्नाचं उत्तर त्यांना कुणी दिलेलं नसतं आणि ते मिळेपर्यंत ते खिशात हात घालत नाहीत. बोर्डावर नावापुढे एक रक्कम लावली की तो प्रश्न तसाच राहतो, वर चारचौघांत अपमान झाल्याची सल राहते. म्हणून नऊ फ्लॅटना नऊ स्वतंत्र नोटिसा द्या आणि प्रत्येकीला त्या फ्लॅटचा महिनावार हिशोब जोडा. बोर्डावर फक्त एवढंच लावा की बिलांची मुदत अमुक आहे आणि सोसायटीचं खातं अमुक आहे.

आकडा कसा चुकतो, ते माझ्याच हातून झालेल्या एका चुकीवरून सांगतो. ताराबाई पार्कातल्या एका सोसायटीचं काम मी पाहत होतो. महिन्याचं बिल 1,800 रुपये, एक तारखेला निघायचं, महिनाअखेरपर्यंत भरायचं. व्याज सर्वसाधारण सभेने ठरवलेलं, दर साल दर शेकडा 18, म्हणजे महिन्याला दीड टक्का. फ्लॅट 302 मध्ये एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या. सप्टेंबरअखेर वहीत त्यांची एप्रिलपासूनची सहा बिलं उभी होती, 10,800 रुपये. त्यावर कमिटीने सहा महिन्यांचं व्याज सरसकट लावलं, 972 रुपये. नोटीस गेली 11,772 रुपयांची.

दुसऱ्या दिवशी बाई पासबुकाचं झेरॉक्स घेऊन आल्या. 2 जुलैची एक नोंद त्यांनी पेन्सिलीने गोल केली होती. पुण्यातल्या मुलाने स्वतःच्या खात्यावरून सोसायटीला 3,600 रुपये पाठवले होते. आमच्या बँक स्टेटमेंटवर ती रक्कम मुलाच्या नावाने आली, फ्लॅट नंबर कुठेच नव्हता, म्हणून मी ती "अज्ञात जमा" या खात्यात ठेवून दिली होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, माझे पैसे तीन महिने तुमच्याकडेच आहेत आणि थकबाकीदार मी?" मला उत्तर देता आलं नाही.

तोच हिशोब नीट मांडला तर काय येतं ते पाहा. 1,800 रुपयांच्या एका बिलावर महिन्याचं व्याज 27 रुपये. बिलाचा स्वतःचा महिना सोडायचा, कारण भरायची मुदत महिनाअखेर आहे. पुढच्या प्रत्येक महिनाअखेरीस ते बिल उभं असेल तर 27 रुपये धरायचे. एप्रिलच्या बिलाला मे आणि जून असे दोन महिने लागले, 54 रुपये. मेच्या बिलाला जूनचा एक, 27 रुपये. 2 जुलैला आलेल्या 3,600 मध्ये ही दोन्ही बिलं फिटली, म्हणून त्यांचं व्याज तिथेच थांबलं. जूनच्या बिलाला जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचे 81 रुपये, जुलैच्या बिलाला 54, ऑगस्टच्या बिलाला 27 आणि सप्टेंबरच्या बिलाला काहीच नाही. एकूण व्याज 243 रुपये. मुद्दल चार बिलांचं 7,200. खरी बाकी 7,443 रुपये, आणि आम्ही मागितले होते 11,772.

यातल्या 3,600 रुपयांची चूक नजरेत भरते, पण व्याजाची चूक जास्त ठिकाणी सापडते. एकूण थकबाकीवर एकूण महिन्यांचं व्याज लावलं की सप्टेंबरच्या बिलालाही एप्रिलपासून व्याज लागतं, जेव्हा ते बिल निघालंच नव्हतं. एक्सेलमध्ये एका ओळीत सूत्र लिहून खाली ओढणाऱ्यांकडून हे हमखास होतं. ओळखायची खूण सोपी आहे. शेवटच्या महिन्याच्या बिलापुढे व्याज शून्य आहे का ते बघा. तिथे आकडा दिसला तर सगळा तक्ता नव्याने करा. दुसरी चूक म्हणजे मागच्या महिन्याचं व्याज बाकीत मिळवून त्यावर पुन्हा व्याज. आदर्श उपविधी फक्त सरळव्याजाची मुभा देतात आणि तेही वर्षाला जास्तीत जास्त 21 टक्के. 21 ही कमाल मर्यादा आहे. तुमचा दर सर्वसाधारण सभेच्या ठरावात असेल तोच. ठरावच नसेल तर या नोटिशीत व्याज धरू नका, नुसतं मुद्दल मागा आणि पुढच्या सभेत दर ठरवून घ्या. वादातलं व्याज घुसवलं की वादात नसलेलं मुद्दलही अडकतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

अर्धवट रक्कम आली तर ती आधी व्याजात जमा करायची की मुद्दलात, हेही सभेत एकदा ठरवून ठेवा. वरच्या उदाहरणात आधी व्याज वळतं केलं असतं तर फरक चारेक रुपयांचा पडला असता. रक्कम क्षुल्लक आहे, पण 301 ला एक रीत आणि 302 ला दुसरी असं झालं की भांडण सुरू होतं.

आता बिलाकडे वळा, कारण नोटीस बिलावर उभी असते. तुमची संस्था सहकारी गृहनिर्माण सोसायटी आहे की घोषणापत्र करून झालेलं अपार्टमेंट, हे कागद काढून बघा. कोल्हापुरात दोन्ही प्रकार भरपूर आहेत आणि लोक दोन्हींना सोसायटीच म्हणतात. 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची इमारत असेल तर सामाईक खर्च घोषणापत्रातल्या हिश्श्याच्या टक्क्याप्रमाणे वाटला जातो. सहकारी सोसायटीत वॉचमन, सफाई, जिन्यातली लाइट, ऑफिसखर्च हे सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं असतं, फ्लॅट वन बीएचके असो की थ्री. पाणीपट्टी नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर बसते, सिंकिंग फंड बांधकाम खर्चावर. पुढचं सगळं मी तुमची सहकारी सोसायटी आहे असं धरून लिहितोय.

चौरस फुटाने सेवाशुल्क लावणाऱ्या सोसायट्या आजही आहेत. तुमच्या नऊ जणांत मोठ्या फ्लॅटवाले जास्त असतील तर आधी इथेच शंका घ्या. भाड्याने दिलेल्या फ्लॅटला बिनभोगवटा शुल्क लावलंय का आणि किती, तेही पाहा. ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. पूर्ण बिलाच्या 10 टक्के लावलेली बिलं माझ्यासमोर बऱ्याचदा येतात, आणि तेवढ्या एका कारणाने मालक वर्षभर अडून बसलेले असतात.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर ज्या सोसायट्यांनी मोटर, पाण्याची टाकी, मीटर रूम यांसाठी विशेष वर्गणी काढली, तिथे ती वर्गणी बऱ्याचदा मेंटेनन्सच्या बाकीत मिसळून गेली. आज कुणालाच सांगता येत नाही की बाकीतले अमुक हजार कशाचे. तुमच्या जुन्या खात्यांत असं काही असेल तर ते बाजूला काढा, त्याचा ठराव शोधा आणि नोटिशीत वेगळी ओळ करा. घरफाळा ज्याच्या त्याच्या नावावर महापालिकेकडून वेगळा येत असेल तर "यात घरफाळा नाही" हे वाक्यही घाला. ते नसेल तर पहिला फोन त्याचाच येतो.

नोटीस कोणी द्यायची? आदर्श उपविधींत बिलं आणि मागणीपत्रं काढायचं काम सचिवाचं आहे. म्हणून कमिटीच्या सभेत थकबाकीची यादी ठेवा, नोटिसा द्यायचा ठराव करा आणि नोटिशीवर सचिव व खजिनदार दोघांच्या सह्या घ्या. एकट्या खजिनदाराच्या सहीने गेलेल्या नोटिशीचा राग एकट्या खजिनदारावर निघतो, आणि पुढे कायदेशीर वेळ आली तर ठराव नसल्याचा मुद्दा निघतो.

मजकूर मी साधारण असा ठेवतो. 302 चेच आकडे घेतो.

"विषय: फ्लॅट क्र. 302, मेंटेनन्सची येणे बाकी.

सप्रेम नमस्कार. सोसायटीच्या हिशोबाप्रमाणे 30 सप्टेंबरअखेर आपल्या फ्लॅटकडून 7,443 रुपये येणे आहेत. त्यात जून ते सप्टेंबर या चार बिलांचे 7,200 रुपये आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावानुसार द.सा.द.शे. 18 दराने सरळव्याज 243 रुपये आहे. आपल्याकडून 2 जुलैला मिळालेले 3,600 रुपये एप्रिल व मे महिन्यांच्या बिलांत जमा केले आहेत. यात घरफाळा नाही. महिनावार हिशोब सोबत जोडला आहे.

ही रक्कम 31 ऑक्टोबरपर्यंत भरावी, म्हणजे या बाकीवर ऑक्टोबरचं 108 रुपये व्याज लागणार नाही. ऑक्टोबरचं चालू बिल यात धरलेलं नाही.

आपण भरलेली एखादी रक्कम यात दिसत नसेल किंवा आकडा मान्य नसेल, तर 15 ऑक्टोबरपर्यंत पासबुकाची नोंद किंवा पावती दाखवावी. रविवारी सकाळी 10 ते 12 या वेळेत खजिनदार सोसायटीच्या ऑफिसमध्ये हिशोबाच्या वह्यांसह बसतील. रक्कम एकदम भरणं अडचणीचं असल्यास त्याच वेळी हप्त्यांबद्दल बोलावं."

"आकडा मान्य नसेल तर" हा परिच्छेद अनेक कमिट्या गाळतात. त्यांना वाटतं, यामुळे लोकांना निमित्त मिळतं. माझा अनुभव उलटा आहे. दारात वाद घालणारा माणूस वही समोर उघडल्यावर महिना-महिना बोट ठेवून वाचतो आणि त्यातली बहुतेक बिलं मान्य करतो. उरलेल्या एक-दोन बिलांचं तिथेच बघता येतं. हप्ते ठरले तर तारखा आणि रकमा कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. व्याज माफ करायचं आश्वासन मात्र देऊ नका. तो निर्णय सर्वसाधारण सभेचा आहे, आणि एकाला माफ केलेलं वेळेवर भरणाऱ्या पंधरा जणांच्या कानावर गेल्याशिवाय राहत नाही.

पैसे कसे भरायचे, हा भाग नोटिशीच्या शेवटी एका चौकटीत द्या. खात्याचं नाव नोंदणी दाखल्यावर आहे तसं पूर्ण लिहा, मग खाते क्रमांक, बँक व शाखा, आयएफएससी आणि सोसायटीच्या खात्याचा क्यूआर कोड. कोड बँकेकडून सोसायटीच्या खात्यावरच काढून घ्या. खजिनदाराच्या स्वतःच्या यूपीआयवर पैसे घेणं आजपासून बंद करा, कितीही सोयीचं वाटलं तरी. तुमचा आणि सोसायटीचा पैसा एका खात्यात मिसळला की ऑडिटमध्ये प्रत्येक नोंदीचा खुलासा तुम्हाला द्यावा लागेल. चौकटीत हेही लिहा की कोड स्कॅन केल्यावर स्क्रीनवर सोसायटीचं नाव दिसलं तरच पैसे पाठवा, आणि खातं बदलल्याचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर सचिवांना फोन करून विचारल्याशिवाय भरू नका. जिन्याजवळ चिकटवलेल्या कोडवर दुसरा कोड चिकटवणं दोन मिनिटांचं काम आहे. तुमचा कोड काचेच्या बोर्डात, कुलपाच्या आत लावा.

यापेक्षा महत्त्वाची आहे पैसे पाठवताना लिहायची टीप, म्हणजे रिमार्क. "फ्लॅट नंबर लिहा" एवढं सांगून चालत नाही, लोक "मेंटेनन्स" असं लिहून पाठवतात. नमुना छापूनच द्या:

```
302 JUN TO SEP
```

फ्लॅट नंबर सगळ्यात पुढे हवा, कारण बँकेच्या स्टेटमेंटमध्ये लांब टीप शेवटाकडून कापली जाते. काही वेळा ती येतच नाही, नुसतं पाठवणाऱ्याचं नाव येतं. म्हणून पैसे पाठवल्यावर तारीख, रक्कम आणि यूटीआर क्रमांक सोसायटीच्या ठरावीक मोबाइलवर कळवायला सांगा. नुसता स्क्रीनशॉट पुरेसा मानू नका. रक्कम स्टेटमेंटला दिसली की मगच पावती फाडा.

302 च्या प्रकरणानंतर मी प्रत्येक सोसायटीत एक छोटी वही करायला लावतो. डावीकडे फ्लॅट नंबर, उजवीकडे त्या फ्लॅटचे पैसे आजवर कुणाकुणाच्या खात्यावरून आले ती नावं. मुलगी, जावई, भाडेकरू, दुकानाचं खातं, जे असेल ते. चोवीस फ्लॅटची वही एका रविवारात होते. नोटिसा छापण्याआधी तुमच्या "अज्ञात जमा"मधली एकेक रक्कम या वहीशी लावून बघा. त्या खात्यात एक रुपयाही शिल्लक असेल तोवर नोटिसा काढू नका. बँकेला पत्र देऊन पाठवणाऱ्याचा तपशील मागवा, आठवडा जाईल पण जाऊ द्या.

चेक घेत असाल तर तो सोसायटीच्या पूर्ण नावाने, क्रॉस केलेला आणि मागे फ्लॅट नंबर लिहिलेला असावा. तारखेपासून तीन महिन्यांनी चेक चालत नाही, तेव्हा गठ्ठा जमवत बसू नका. रोख नाकारू नका. आपल्याकडे बऱ्याच वयस्कर लोकांना रोखच सोयीचं वाटतं. मात्र पावती त्याच क्षणी द्या, 5,000 रुपयांच्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावा आणि रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत भरा. रोख आलेल्या पैशातून वॉचमनचा पगार परस्पर देऊन टाकायची सवय काही ठिकाणी आहे. त्यामुळे जमेची बाजू बँकेशी कधीच जुळत नाही.

फ्लॅट भाड्याने असेल तर नोटीस मालकाला द्या, भाडेकरूला फक्त प्रत. सभासद मालक आहे, बाकी त्याची आहे. भाडेकरूने भरलं तरी पावती मालकाच्या नावाने, "हस्ते" म्हणून भाडेकरूचं नाव.

वरच्या मजल्यावरचा एखादा म्हणेल, "गच्ची गळते, ती दुरुस्त करा, मग भरतो." कोल्हापूरचा पाऊस बघता हे तुम्हाला ऐकावं लागणारच. त्याची तक्रार खरी असू शकते आणि गच्चीची गळती काढणं सोसायटीचंच काम आहे. पण तक्रार आणि बिल यांचे कागद वेगळे ठेवा. तक्रार लेखी घ्या, तिला पोच द्या, कमिटी कधी पाहणी करणार ती तारीख त्याच कागदावर लिहा आणि त्या तारखेला खरोखर गच्चीवर जा. तुम्ही गेलात की "हरकत नोंदवून भरतो" म्हणत लोक पैसे देतात. पावतीवर तसा शेरा लिहून द्यायला काहीच हरकत नाही. बाकी वसूल व्हावी म्हणून कुणाचं पाणी तोडणं, लिफ्ट बंद करणं, कचरा न उचलणं यातलं काहीही करू नका, कुणी कितीही आग्रह धरला तरी. तो सोसायटीचा अधिकार नाही, आणि असं केलं की तक्रारदार तो होतो आणि आरोपी तुम्ही.

नोटीस हातात द्या, कार्यालयीन प्रतीवर सही आणि तारीख घ्या. घर बंद असेल किंवा सही नाकारली तर सभासद रजिस्टरवरच्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. ग्रुपवर टाकलेला फोटो याची जागा घेऊ शकत नाही. ही तारीख महत्त्वाची आहे. मागणीची लेखी नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत बाकी भरली नाही की सभासद कायद्याच्या अर्थाने थकबाकीदार ठरतो. तोवर त्याला तो शब्द लावू नका, नोटिशीतही "येणे बाकी" एवढंच लिहा.

तीन महिने उलटूनही एखादा हलला नाही, तर सहकार कायद्याच्या कलम 154ब-29 खाली निबंधक कार्यालयात वसुली दाखल्यासाठी अर्ज करता येतो. 2019 च्या दुरुस्तीआधी हेच काम कलम 101 खाली चालायचं, म्हणून जुने लोक अजून "एकशे एक करा" म्हणतात. दाखला मिळाला की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. त्याविरुद्ध पुनरीक्षणाला जायचं तर सभासदाला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. अर्जासोबत लागणारे मुख्य कागद तुम्ही आत्ताच तयार करताय: बिलांच्या प्रती, महिनावार हिशोब, व्याजाचा ठराव, नोटिशीची पोच, कमिटीचा ठराव. नऊ फ्लॅटच्या नऊ फाइली करा आणि नोटीस दिली त्या दिवसापासून प्रत्येक कागद त्या त्या फाइलीत घाला.

तुमच्याकडे अजून एक काम उरतं. बोर्डावरची ती जुनी यादी काढली नसेल तर नोटिसा वाटायच्या आदल्या दिवशी काढा. तिच्यातला एखादा आकडा आता तुमच्या हिशोबात चुकीचा निघाला, तर त्या घरी नोटीस द्यायला शिपायाला पाठवू नका, सचिवांना सोबत घेऊन स्वतः जा आणि आकडा चुकला होता हे तोंडाने सांगा. त्या शिक्षिकाबाईंकडे मी दुरुस्त नोटीस घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी चष्मा लावून 243 रुपयांचा हिशोब ओळीने तपासला आणि तिथेच 7,443 चा चेक लिहिला.